हातोडा उचलायच्या आधी टेप काढा: परांचीवरून हत्यार पडलं, कुणाला लागलं नाही, तेव्हा साइट सुपरवायझरने लिहायचा रिपोर्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात उंच पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं. मे महिना संपत आलेला, नवतपा लागलेला. अशा दिवसांत आपल्याकडे काम सकाळी साडेसहाला सुरू करून अकराला थांबवतात आणि पुन्हा चारनंतर धरतात. त्या दिवशी अकराला दहा मिनिटं कमी असताना दहा मीटर उंचीवरच्या परांचीवरून एक हातोडा आणि एक पाना खाली आला. पाना परांचीच्या पायथ्याशी पडला. हातोडा मधल्या आडव्या पाइपवर आपटला, बाजूला उडाला आणि बाळाच्या झोळीपासून साधारण साडेतीन फुटांवर मुरमात रुतला. झोळी रिकामी होती. दहाच मिनिटांपूर्वी आईने बाळाला पाजायला सिमेंटच्या शेडमध्ये नेलं होतं.

मी त्या साइटवर सुपरवायझर होतो. धावत पोहोचलो तेव्हा शटरिंगचा मुकादम हातोडा हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "कोनाले लागलं त नाही ना जी साहेब, मंग कायले लिवता?"

हा लेख त्याच प्रश्नावर आहे. पण "का लिहायचं" यापेक्षा "काय लिहायचं" हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. असे रिपोर्ट लिहिले जातात, पण त्यात एकच ओळ असते: "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हत्यार खाली पडले, समज देण्यात आली." त्या ओळीतून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. ते हत्यार कुठवर जाऊ शकत होतं आणि त्याला अडवायला मध्ये काय नव्हतं, हे ज्यातून कळतं तो रिपोर्ट कामाचा. हत्यार कोणाच्या हातून पडलं ही त्यातली सगळ्यात कमी उपयोगाची माहिती.

पहिली दहा मिनिटं

सर्वांत आधी वरचं काम थांबवा आणि खालची माणसं बाहेर काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही पडलं की खालची माणसं बघायला तिथेच गोळा होतात आणि वरची माणसं वाकून खाली बघतात. वाकणाऱ्याच्या पायाशी आणखी काही पडलेलं असू शकतं. आमच्याकडे तेच होतं. परांचीच्या कडेला शटरिंगची एक प्लेट अर्धी बाहेर आलेली होती. ती आधी आत ओढायला लावली, मगच बाकीचं.

दुसरं, पडलेलं हत्यार कुणालाही उचलू देऊ नका. माणसं ते उचलतातच, कारण त्यांना भीती असते की साहेबाने पाहिलं तर दंड बसेल. कुणी उचललंच, तर त्याला न रागावता विचारा, "कुठं होतं, तिथंच पुन्हा ठेवून दाखव." मुकादमाने हातोडा परत नेऊन ठेवला. मुरमात दोन बोटं खोल खड्डा पडलेला होता, त्यामुळे जागेबद्दल शंका उरली नाही. काळ्या मातीत किंवा रेतीत खूण टिकत नाही. अशा जागी लगेच चुन्याने किंवा विटेच्या तुकड्याने गोल करून घ्या.

तिसरं, ज्याच्या हातून घडलं त्याला सावलीत बसवा आणि पाणी द्या. आमचा तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा होता आणि झोळीकडे बघून थरथरत होता. त्या अवस्थेत त्याला पुन्हा दहा मीटर वर चढवणं म्हणजे दुसरा धोका ओढवून घेणं. त्याचा जबाबही लगेच घेऊ नका. अर्ध्या तासाने घ्या.

मग फोटो काढा, मोबाइलवरच. तीन प्रकारचे लागतात: लांबून सगळी परांची दिसेल असा, हत्यार पडलं ती जागा जवळून (शेजारी टेप उघडून ठेवा म्हणजे अंतर फोटोतच येतं) आणि वर, जिथून पडलं त्या फळीचा. वरचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत आणि नेमकं कारण तिथेच असतं.

मोजायचं काय

पाच मापं घ्या. कागदावर आकृती काढून तिच्यावरच आकडे लिहा, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही.

एक, उंची. हत्यार जिथे ठेवलेलं होतं तिथून जमिनीपर्यंत. टेप वरून सोडली तर वाऱ्याने झुलते, म्हणून टोकाला ओळंबा बांधा. आमची उंची १० मीटर भरली.

दोन, अंतर. परांचीच्या बाहेरच्या उभ्या पाइपापासून हत्यार किती लांब गेलं. पाना ०.८ मीटरवर होता, हातोडा ३.४ मीटरवर. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागेवरून सुटलेले. मग एवढा फरक का? याचं उत्तर शोधताना जमिनीपासून सव्वाचार मीटरवरच्या आडव्या पाइपवर एक खूण दिसली. तिथला गंज खरवडून निघाला होता आणि खालचं लोखंड चांदीसारखं चमकत होतं. हातोडा तिथे आपटून बाहेर फेकला गेला होता. अशी खूण चार-आठ दिवसांत पुन्हा गंजून जाते, म्हणून त्याच दिवशी शोधा. परांचीवरून पडणारी वस्तू सरळ खाली येते असं आपण धरून चालतो, पण परांची म्हणजे आडव्या-उभ्या पाइपांचं जाळं आहे आणि प्रत्येक आडवा पाइप पडत्या वस्तूला बाहेर ढकलू शकतो.

तीन, वजन. अंदाज लिहू नका. आम्ही हातोडा गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला: दांड्यासकट १ किलो ३०० ग्रॅम. पाना ६०० ग्रॅम. मला विचारलं असतं तर मी हातोडा "एक किलोचा" असंच लिहिलं असतं.

चार, अडथळे. हत्यार अडायला हवं होतं तिथे काय होतं आणि काय नव्हतं. फळ्यांच्या कडेला उभी लावायची पट्टी, जिला साइटवर टो-बोर्ड म्हणतात, ती किती उंच होती, कुठे होती, कुठे नव्हती. आमच्याकडे १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांची पट्टी सगळीकडे होती. फक्त २.४ मीटर लांबीचा एक तुकडा नव्हता आणि हत्यारं तिथूनच गेली. फळ्यांमधल्या फटी, जाळी आहे का, माणसं परांचीखाली येऊ नयेत म्हणून खाली बांधलेल्या दोरीचं कडं किती लांब, तेही लिहा. आमची दोरी परांचीपासून दीड मीटरवर होती. ती मीच बांधून घेतली होती.

पाच, माणसं. त्या क्षणी खाली कोण, कुठे आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात कोण, कुठे होतं. घटनेच्या क्षणी तिथे कुणी नव्हतं हे खरं असलं, तरी तो योगायोग असतो. मागच्या अर्ध्या तासाचा हिशेब घेतला की योगायोग किती पातळ होता ते दिसतं. आमच्या यादीत आलं: मसाला कालवणाऱ्या दोघीजणी, पाण्याच्या ड्रमवर येणारे-जाणारे आणि झोळीतलं बाळ.

धोका किती मोठा होता, हे आकड्यात

"गंभीर धोका" एवढंच लिहिलं तर ठेकेदार ते वाचून पुढे सरकतो. साधा गुणाकार मांडा: वजन किलोमध्ये, गुणिले उंची मीटरमध्ये, गुणिले ९.८. उत्तर ज्यूलमध्ये येतं. हातोड्याचं झालं १.३ × १० × ९.८, म्हणजे सुमारे १२७ ज्यूल. पान्याचं सुमारे ५९.

हे आकडे कशाशी ताडायचे? हेल्मेटच्या युरोपीय मानकात, ईएन ३९७ मध्ये, धक्का शोषण्याची चाचणी ५ किलोचं वजन १ मीटरवरून सोडून घेतात. ते होतात ४९ ज्यूल. म्हणजे आमचा लहानसा पानासुद्धा त्या चाचणीच्या पुढे होता आणि हातोडा अडीच पट. हेल्मेट घालायलाच हवं, ते डोक्याला जितकं वाचवेल तितकं वाचवेल. पण या घटनेच्या रिपोर्टमध्ये "सर्वांनी हेल्मेट वापरावे" हा मुख्य उपाय म्हणून लिहिला, तर तो गुणाकार केलाच नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि झोळीतल्या बाळाला कुठलं हेल्मेट?

दुसरा आकडा वेळेचा. १० मीटरवरून सुटलेली वस्तू सुमारे १.४ सेकंदात जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. वरून "हटा!" अशी हाक आली, तरी ती ऐकून माणूस आधी काय करतो? वर बघतो. तेवढ्यात वेळ संपलेला असतो. त्यामुळे "वरून ओरडून सूचना द्यावी" हाही उपाय धरू नका.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. हा गुणाकार बोथट वस्तूसाठी आहे. सळईचा तुकडा, छिन्नी किंवा टोकदार खिळा कमी ज्यूलमध्येही आरपार जाऊ शकतो. तिथे आकड्याऐवजी "टोकदार वस्तू" एवढं ठळक लिहा. शिवाय पाइपला आपटल्यावर हातोड्याची काही ऊर्जा गेलेली होती, तेही मी नमूद केलं आणि पुढे लिहिलं की आपटला नसता तर पूर्ण १२७ ज्यूल परांचीच्या पायथ्याशी उतरले असते, जिथून दिवसभर माणसं शिडीकडे जातात. रिपोर्टमध्ये आकडा फुगवला की एखादा इंजिनिअर तेवढाच पकडतो आणि बाकीचं बाजूला राहतं.

विचारायचं कसं

एकेकाला वेगळं विचारा आणि त्याच्या भाषेत विचारा. आमची शटरिंगची टोळी छत्तीसगडहून आलेली, मसाल्याच्या बाया गावातल्याच. एकत्र विचारलं की मुकादम बोलतो आणि बाकीचे माना हलवतात.

पहिला प्रश्न "कोणी पाडलं?" असा असेल तर पुढची सगळी उत्तरं बचावाची येतात. मी त्या पोराला विचारलं, "सकाळी वर चढल्यापासून तू काय काय केलंस, सांग." तो सांगत गेला. रिंग बीमच्या बाहेरच्या प्लेटा सोडवायच्या होत्या. चार प्लेटा दोराने खाली सोडल्या. प्लेट कडेवरून सरकवताना टो-बोर्ड आडवा येत होता, म्हणून तारेची गाठ सोडून तो तुकडा काढून ठेवला. हातोडा आणि पाना सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर, हाताशी ठेवले. अकरा वाजत आले, शेवटच्या प्लेटसाठी दोर ओढला. दोराचं वेटोळं गोणीत अडकलं आणि गोणीसकट दोन्ही हत्यारं कडेवरून गेली. त्याने काही फेकलं नव्हतं, हातातूनही काही सुटलं नव्हतं.

मसाल्याच्या मावशींना मी झोळीबद्दल विचारलं. "मावशी, झोळी तिथंच का बांधली?" त्या म्हणाल्या, "मंग कुठं बांधू बापू? सायली तिथंच त येते."

हे उत्तर मी रिपोर्टमध्ये जसंच्या तसं लिहिलं, कारण आमच्या दोरीच्या कड्याचा सगळा फोलपणा त्यात आहे. मे महिन्यात उघड्या माळावरच्या टाकीच्या साइटवर सावली एकच असते, टाकीची. सकाळी ती पश्चिमेला पडते, दुपारी पायाशी येते, चारनंतर पूर्वेला जाते, आणि माणसं, पाण्याचे ड्रम, डबे, झोळ्या तिच्यासोबत फिरतात. आमची परांची पश्चिमेला होती आणि काम सकाळी होतं. म्हणजे वर जिथे हातोडे चालत होते, बरोबर त्याच्या खाली साइटवरची एकमेव सावली होती. झोळी दोरीच्या बाहेर, परांचीपासून साडेचार मीटरवर होती. आमच्या नियमाने ती सुरक्षित जागा होती. हातोडा नियम न पाळता तिच्याजवळ गेला.

कारण कुठवर खणायचं

"का" विचारत जा आणि तुम्हाला बदलता येईल अशी गोष्ट हाती लागली की थांबा. हत्यार का पडलं? दोरात गोणी अडकली. पण कडेवर अडलं का नाही? टो-बोर्ड काढलेला होता. का काढला? प्लेट सरकवायला दुसरी वाट नव्हती. मग परत का लावला नाही? तो लावायचा कोणी, हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. परांची बांधणारी टोळी वेगळी, ती बांधून आठवड्यापूर्वीच निघून गेलेली. शटरिंगवाल्यांना वाटे ती वस्तू त्यांची नाही. आणि मी सकाळी परांची तपासली तेव्हा टो-बोर्ड जागेवर होता, नंतर पुन्हा वर गेलो नाही.

दुसरी साखळी खालची. झोळी तिथे का? सावली तिथे म्हणून. दुसरी सावली का नाही? केली नाही म्हणून. यात कायद्याचा एक मुद्दा येतो. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघराची अट पन्नासहून अधिक महिला कामगार असलेल्या कामाला घातली होती. आमच्याकडे सात होत्या. त्यामुळे पाळणाघराचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पण झोळी एक असो की दहा, ती बांधायला सुरक्षित जागा लागतेच.

"निष्काळजीपणा" हा शब्द या साखळीत कुठे बसतो ते बघा. बसतच नाही. तो पोरगा उद्या दुप्पट सावध झाला, तरी प्लेट सरकवायला टो-बोर्ड काढावाच लागणार आणि सावली तिथेच पडणार.

रिपोर्टचा मजकूर

एका पानात बसेल एवढाच ठेवा. आमचा असा होता. नावांऐवजी कामं लिहिली, कारण हा कागद चार हातांतून जातो आणि नाव दिसलं की वाचणारा आधी नावच बघतो. जबाबांचा नावासह कागद वेगळा, माझ्याकडे ठेवला.

> विषय: पाण्याच्या टाकीच्या पश्चिम परांचीवरून हत्यारे पडल्याची घटना. इजा नाही, धोका गंभीर.
>
> वेळ व काम: सकाळी १०.५०. रिंग बीमच्या बाहेरील शटरिंग प्लेटा सोडवून दोराने खाली उतरवणे. वर दोन कामगार.
>
> काय घडले: १० मीटर उंचीवरील फळीवर रिकाम्या गोणीवर ठेवलेला हातोडा (१.३ किलो) व पाना (०.६ किलो) दोरात गोणी अडकून कडेवरून खाली पडले. पाना परांचीपासून ०.८ मीटरवर पडला. हातोडा ४.२५ मीटर उंचीवरील आडव्या पाइपवर आपटून ३.४ मीटरवर पडला. पाइपवर ताजी खूण आहे, फोटो ४.
>
> खाली कोण होते: त्या क्षणी कोणी नाही. आधीच्या अर्ध्या तासात दोन महिला कामगार व झोळीत एक बाळ. झोळी हातोडा पडल्या जागेपासून १.१ मीटरवर, दोरीच्या कड्याच्या बाहेर.
>
> काय होऊ शकले असते: मृत्यू. हातोड्याची ऊर्जा सुमारे १२७ ज्यूल (पाइपला आपटण्यापूर्वीचा पूर्ण हिशेब).
>
> अडथळे: टो-बोर्डचा २.४ मीटर तुकडा सकाळी प्लेटा काढताना सोडला, परत लावला नाही. लावण्याची जबाबदारी कोणालाही दिलेली नव्हती. जाळी नव्हती. हत्यारांना दोरी नव्हती. खालचे कडे १.५ मीटर, अपुरे. साइटवर अन्य सावली नव्हती.
>
> लगेच केले: काम थांबवले. सुटी प्लेट आत घेतली. टो-बोर्ड लावला. झोळी हलवली.

"काय होऊ शकले असते" या ओळीत "गंभीर इजा संभवते" असं गुळमुळीत लिहायचा मोह होतो. जे होऊ शकत होतं तेच लिहा. तो शब्द वाचल्यावर ठेकेदाराचा फोन आला, "एवढं कशाला लिहिता?" मी त्याला वजन, उंची आणि झोळीचं अंतर वाचून दाखवलं. त्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी जाळीचे पैसे पाठवले.

उपाय: ज्याच्यापुढे नाव आणि तारीख नाही तो उपाय नव्हे

आधी वस्तू पडणारच नाही असं काहीतरी करा, मग पडली तरी अडेल असं, मग अडली नाही तरी खाली कुणी नसेल असं. हा क्रम मोडून लोक थेट दोरी आणि हेल्मेटवर जातात, कारण ते स्वस्त असतं.

पडूच नये म्हणून: फळीवर सुटं हत्यार ठेवायचं नाही. काम करणाऱ्याच्या कमरेला कापडी पिशवी, आणि हातोड्याच्या दांड्याला भोक पाडून दोरी. दोरीचं दुसरं टोक हलक्या हत्याराचं कमरेच्या पट्ट्याला चालतं. जड हत्याराचं मात्र परांचीच्या पाइपला बांधा, नाहीतर पडणारं वजन माणसालाच झटका देईल. दोरी हाताच्या लांबीपेक्षा मोठी ठेवू नका. आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी लांब दोऱ्या बांधल्या, त्या प्लेटांत अडकायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या काढूनच टाकल्या. मग आखूड करून दिल्या, त्या टिकल्या.

अडावी म्हणून: टो-बोर्ड. पण "टो-बोर्ड काढू नये" असा नियम केला असता तर तो दुसऱ्याच दिवशी मोडला असता, कारण प्लेट जायला वाट हवीच. म्हणून एकाच कोपऱ्यात बिजागरीची फळी लावली, दारासारखी. प्लेट जाताना उघडायची, गेली की पडते आणि कडी लागते. गावच्या सुताराने अर्ध्या दिवसात करून दिली. प्लेटा त्याच कोपऱ्यातून उतरवायच्या. त्यामुळे खालचं धोक्याचं क्षेत्रही एकाच ठिकाणी आलं. बाकी परांचीला बाहेरून जाळी. हिरवी सावलीची जाळी यासाठी चालत नाही. ती ऊन आणि धूळ अडवते, सव्वा किलोचा हातोडा फाडून जातो. परांचीसाठी मिळणारी जाड विणीची जाळी घ्या आणि ती प्रत्येक आडव्या पाइपला बांधा, नुसती वरून लोंबती सोडू नका.

खाली कुणी नसावं म्हणून: कडं दीड मीटरवरून पाच मीटरवर नेलं. हातोडा ३.४ वर गेला म्हणून साडेतीन, असा हिशेब मी केला नाही. तो पाइपला थोडा वेगळ्या कोनात लागला असता तर आणखी पुढे गेला असता. जागा अपुरी असेल आणि पाच मीटर मिळत नसतील, गावातली टाकी रस्त्याच्या कडेला असते तेव्हा हे होतं, तर प्लेटा उतरवण्यापुरता रस्ता बंद करा किंवा पायवाटेवर भक्कम छत टाका.

आणि सावली. टाकीपासून पंधरा मीटरवर बांबू रोवून बारा बाय दहा फुटांचा मांडव केला, वर तुराट्या आणि जुनी ताडपत्री. पाण्याचे ड्रम तिकडे हलवले, कारण माणसं पाण्यामागे जातात. झोळी बांधायला दोन भक्कम बल्ल्या पुरल्या. खर्च फार नाही. माझ्या मते या सगळ्या उपायांत सर्वांत जास्त काम या मांडवाने केलं. दोरी ओलांडू नका असं सांगून माणसं उन्हात थांबत नाहीत.

प्रत्येक उपायापुढे कोण करणार, कधीपर्यंत आणि झालं हे कसं दिसेल, हे लिहा. "बिजागरीची फळी: शटरिंग मुकादम, उद्या संध्याकाळी, फोटो." "रोज सकाळी साडेसहाला आणि प्रत्येक विश्रांतीनंतर परांची बघणे: सुपरवायझर, वहीत सही." शेवटचं माझ्या नावावर आलं, कारण तपासणीतली फट माझी होती.

रिपोर्ट कुणाला आणि दंडाचं काय

ठेकेदार, कामावर देखरेख करणारा अभियंता आणि साइटची वही, अशा तीन प्रती. फोटो फोनवर पाठवा, पण मजकूर कागदावर सहीनिशी द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. परांचीच कोसळली, भिंत किंवा स्टेजिंग खचलं, तर ती वेगळी गोष्ट आहे. अशा घटना इजा नसली तरी कायद्याने सरकारी यंत्रणेला कळवाव्या लागतात, तिथे आपल्या वहीत लिहून भागत नाही.

मग तो सगळा रिपोर्ट कामगारांना वाचून दाखवा, मराठीत आणि हिंदीत. आम्ही चार वाजता, काम सुरू करण्याआधी मांडवाच्या जागी बसून वाचला. पोरगा खाली मान घालून बसला होता. त्याचं नाव आलं नाही हे पाहून त्याने मान वर केली. पुढे त्यानेच सांगितलं की त्याच कोपऱ्यात गेल्या आठवड्यात एक क्लॅम्पही पडला होता आणि कुणी बोललं नव्हतं. ती नोंद मी रिपोर्टला जोडली.

दंड लावू नका. हे मी अनुभवाने सांगतो. आधीच्या एका कामावर मी पाना पाडणाऱ्याला पाचशे रुपये लावले होते. त्यानंतर तीन महिने एकही वस्तू पडल्याची खबर आली नाही. मला वाटलं, सुधारले. एक दिवस मिक्सरच्या पत्र्यावर मुठीएवढा खोल पोचा दिसला, गंज न चढलेला. काहीतरी जड वरून आलं होतं, मिक्सरवर माणूस असतानाच्या दिवसांत कधीतरी, आणि कुणीही तोंड उघडलं नव्हतं. वस्तू पडायच्या थांबल्या नव्हत्या, मला कळायच्या थांबल्या होत्या. जाणूनबुजून वरून सामान फेकणाऱ्याला कामावरून उतरवा, ते वेगळं.

सातव्या दिवशी

रिपोर्ट दिल्यावर सातव्या दिवशी तोच कागद हातात घेऊन परांचीवर चढा आणि प्रत्येक उपाय जागेवर आहे का ते बघा. खालून बघून खूण करू नका.

आमच्याकडे मांडव होता, त्यात दोन झोळ्या होत्या. कडं पाच मीटरवर होतं. हातोड्यांना दोऱ्या होत्या, एकाची गाठ सैल. बिजागरीची फळी मात्र तारेने उघडी बांधून ठेवलेली दिसली. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, कडी वाकली आहे, बंद होत नाही, दोन दिवस झाले. सुताराला बोलावून तिथे दारासारखी जाड कडी बसवली, आणि ती बसेपर्यंत प्लेटा उतरवणं बंद ठेवलं. मूळ रिपोर्टच्या खालीच तारखेसह लिहिलं: "फळीची कडी वाकल्याने दोन दिवस फळी उघडी होती. सुपरवायझरच्या सकाळच्या तपासणीत हे सुटले. आजपासून तपासणीत फळी हाताने उघडून-बंद करून पाहणे."